विकलेली पेन्शन परत सुरू होताना: किती, कधीपासून आणि कुणाकडून

पत्र

स. न. वि. वि.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यातून 30 जून 2010 रोजी, साठ वर्षं पूर्ण झाल्यावर, पुण्यात निवृत्त झालो. पेन्शन 12,000 बसली. त्यातली 40 टक्के विकली आणि 4,71,975 रुपये घेतले. ते पैसे 20 ऑगस्ट 2010 ला बँकेत जमा झाले. आज माझी बेसिक पेन्शन 31,100 आहे. पंधरा वर्षांनी विकलेला भाग परत मिळतो म्हणून मी जुलैपासून वाट पाहतोय, पण जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही महिने तेच 43,405 रुपये आले. शाखेतला मुलगा म्हणतो, "होईल आपोआप." आमच्या कट्ट्यावरचे मित्र म्हणतात, 31,100 चे 40 टक्के म्हणजे 12,440 रुपये वाढतील, शिवाय त्यावर डीए. एक जण तर म्हणाला, बारा वर्षांचा निकाल लागलाय, तीन वर्षांचे पैसे मागून घ्या. खरं काय? आणि मी गेल्यावर हिच्या पेन्शनवर याचा काही परिणाम होतो का?

— एक निवृत्त निरीक्षक, पुणे

उत्तर

नमस्कार.

आधी आकडा सांगतो, कारण कट्ट्यावर सगळ्यांत जास्त घोळ त्याचाच होतो. तुमची पेन्शन 4,800 रुपयांनी वाढेल. 12,440 ने नाही. आणि डीए या कारणाने एक रुपयानेही वाढणार नाही. ऐकायला कडू आहे, पण या हिशेबात तुमचं नुकसान झालेलं नाही. ते कसं, हे पाहू.

2010 साली तुम्ही जे विकलं ते "पेन्शनचे 40 टक्के" या नावाने विकलं असलं, तरी सरकारी कागदावर ती रुपयांतली एक ठरलेली रक्कम आहे: 12,000 चे 40 टक्के, म्हणजे महिना 4,800. मिळालेले पैसेही त्याच रकमेवर मोजले गेले. तुमचा पुढचा वाढदिवस 61 वा होता आणि त्या वयाला कोष्टकात 8.194 हा गुणक आहे. 4,800 गुणिले 12, गुणिले 8.194 केलं की 4,71,974 रुपये 40 पैसे येतात. पुढच्या पूर्ण रुपयावर नेले की तुमचे 4,71,975. म्हणजे खात्याने हिशेब बरोबर केला होता.

मग 1 जानेवारी 2016 पासून सातवा वेतन आयोग आला. तेव्हा पेन्शन सुधारली ती पूर्ण 12,000 वर, हातात येणाऱ्या 7,200 वर नाही. तुमचा शेवटचा पगार 24,000 होता. तो 2.57 ने गुणून सातव्या लेव्हलच्या तक्त्यात बसवला की 62,200 चा टप्पा येतो आणि त्याचे निम्मे म्हणजे तुमचे 31,100. विकलेला आणि न विकलेला, दोन्ही भाग वाढवून मिळाले आणि कपात मात्र जुनीच राहिली, 4,800. 2010 मध्ये ही कपात बेसिकच्या 40 टक्के होती, 2016 पासून ती बेसिकच्या साडेपंधरा टक्क्यांहूनही कमी आहे. वाढीव पेन्शनचा फायदा गेली साडेनऊ वर्षं तुमच्या खात्यात येतोच आहे. आता फक्त कपात थांबायची आहे आणि जितकी कपात होती तितकीच ती थांबेल.

डीएचंही तसंच. पेन्शनरांची महागाईची रक्कम पहिल्यापासून पूर्ण बेसिकवर मोजतात, विक्रीनंतर उरलेल्या बेसिकवर नाही. जूनची तुमची स्लिप काढून बघा. बेसिक 31,100, त्यावर 55 टक्क्यांनी डीए 17,105, आणि वजा कम्युटेशन, म्हणजे विक्रीची कपात, 4,800. बेरीज-वजाबाकी केली की 43,405 येतात. डीए आधीच पूर्ण रकमेवर असल्यामुळे कपात थांबल्यावर तो वाढायला जागाच उरत नाही. विकलेला भाग परत आल्यावर स्लिपवरची "वजा" ही एक ओळ गायब होते, बाकी काही हलत नाही. म्हणून 55 टक्क्यांनीच धरलं तर पूर्ण महिन्याची पेन्शन 48,205 होते.

1 जुलै 2025 पासून डीए 58 टक्के झाला, पण त्याची घोषणा ऑक्टोबरमध्ये झाली. त्यामुळे जुलै ते सप्टेंबरचा दरमहा 933 रुपयांचा फरक थकबाकी म्हणून वेगळा येईल. हे मुद्दाम सांगतोय. नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खात्यात एक मोठी रक्कम दिसेल आणि "विकलेली पेन्शन सुरू झाली" असा समज होईल. दोन्ही पैसे एकत्र आले तर स्लिपशिवाय ओळखता येत नाहीत. 58 टक्क्यांनी तुमची पूर्ण पेन्शन 49,138 होईल. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे पडताळायला उपयोगी पडेल.

कधी चुकून बँकेकडून उलटा प्रकारही होतो, म्हणजे जादा पैसे जमा होतात. तुमच्या खात्यात एखाद्या महिन्यात खरंच 12,440 वाढून आले, तर आनंद मानू नका आणि ते खर्चूही नका. चूक सापडली की पुढच्या पेन्शनमधून वसुली लागते आणि त्या वेळी हप्ते पाडून घेण्यासाठी अर्ज-विनंत्या तुम्हालाच कराव्या लागतात.

आता तारखेकडे येऊ. तुम्ही जुलैपासून वाट पाहताय, पण माझ्या मते तुमची तारीख 1 जुलै नाही. पंधरा वर्षं निवृत्तीच्या दिवसापासून मोजत नाहीत, विक्रीमुळे पेन्शन प्रत्यक्ष ज्या दिवसापासून कमी झाली त्या दिवसापासून मोजतात. ज्यांना विक्रीची रक्कम निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशीच देय होते आणि वेळेत मिळते, त्यांची पेन्शन पहिल्या महिन्यापासूनच कमी लागते. त्यांच्या बाबतीत दोन्ही तारखा एकच. पण रक्कम उशिरा आली तर मधल्या काळाची पूर्ण पेन्शन मिळते आणि कपात लागते पैसे जमा झाल्यापासून. तुमचे पैसे 20 ऑगस्टला आले, म्हणजे तुम्ही या दुसऱ्या गटातले दिसता.

दिसता असं म्हणतो, कारण याची खात्री तुमच्याच जुन्या पासबुकातून होते. 2010 चं पासबुक सापडलं तर जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर हे तीन महिने बघा. त्या वेळी डीए 35 टक्क्यांनी जमा होत होता. जुलै 2010 ची पेन्शन 16,200 दिसली तर ती पूर्ण होती: 12,000 अधिक 4,200. ऑगस्टमध्ये 14,342 च्या आसपास नोंद हवी, कारण 20 ते 31 ऑगस्ट या बारा दिवसांपुरतीच कपात झाली असणार. 4,800 ला 31 ने भागून 12 ने गुणलं की 1,858 येतात, ते वजा केले की 14,342. सप्टेंबरपासून 11,400, डीएची थकबाकी सोडून. या तीन नोंदी अशा असतील तर तुमची तारीख 20 ऑगस्ट 2025, त्यात वाद नाही. पण जुलै 2010 मध्येच 11,400 जमा झालेले असतील, तर मामला वेगळा. मग कपात 1 जुलैपासूनच धरलेली आहे, आणि मधल्या दिवसांचा फरक लेखा अधिकाऱ्याच्या मंजुरीने तुम्हाला नंतर वेगळा दिला गेला होता का, ते शोधावं लागेल. फरक दिला असेल तर कपातीची तारीख पुन्हा 20 ऑगस्टच. दिला नसेल, तर पंधरा वर्षं 1 जुलैलाच पूर्ण झाली.

पासबुक मिळालं नाही तरी हरकत नाही. पीपीओचे, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचे, दोन भाग असतात, एक तुमच्याकडे आणि एक पेन्शन देणाऱ्याकडे. विक्रीची रक्कम दिल्याची आणि कपातीची नोंद त्यावर केलेली असते. तुमचा भाग काढून त्या नोंदीची तारीख वाचा. सरकारी कारकुनाचं अक्षर कळत नसेल तर नातवाला बसवा.

तारीख 20 ऑगस्ट धरली तर हिशेब असा होतो. जुलैचे 43,405 बरोबरच होते. ऑगस्टमध्ये बारा दिवसांचे 1,858 जास्त यायला हवे होते, म्हणजे 45,263. सप्टेंबरमध्ये पूर्ण 4,800 जास्त, म्हणजे 48,205. दोन्ही महिन्यांत 43,405 च आले, तेव्हा सप्टेंबरअखेर बँक तुम्हाला 6,658 रुपये देणं लागते. त्यापुढे जितके महिने जातील तितके 4,800 त्यात भरत जायचे. डीएचा फरक यात मिसळू नका, तो वेगळा हिशेब आहे.

शाखेतला मुलगा "आपोआप होईल" म्हणाला, तो तत्त्वतः चुकला नाही. केंद्राच्या नागरी पेन्शनरांसाठी नियम असा आहे की पीपीओवर विक्रीचा तपशील असेल तर पंधरा वर्षं होताच पेन्शन देणाऱ्या बँकेने स्वतःहून कपात थांबवायची. त्यासाठी नवा आदेश येण्याची वाट बघायची नाही. अडतं कुठे, तर पेन्शनचा हिशेब शाखेत होत नाही. तो बँकेच्या केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्रात होतो, ज्याला सगळे सीपीपीसी म्हणतात. तिथल्या संगणकात कपातीची तारीख भरलेली असेल तरच यंत्रणा तुमचं नाव वर काढते. 2010 च्या सुमाराची खाती तेव्हा शाखेच्या रजिस्टरातून सीपीपीसीकडे गेली. नंतर काही बँकांची विलीनीकरणं झाली, खाती दुसऱ्या प्रणालीत गेली. या प्रवासात तारखेचा रकाना रिकामा राहिला असेल, तर आपोआप होण्यासारखं तिथे काही उरत नाही. शाखेतल्या मुलाच्या पडद्यावर तो रकाना बहुधा दिसतही नसतो, म्हणून त्याला विचारून उपयोग नाही, त्याच्याकडून पुढे पाठवून घ्या.

एका पानाचा अर्ज करा. त्यात पीपीओ क्रमांक, बचत खात्याचा क्रमांक, विक्रीची मूळ रक्कम दरमहा 4,800, पैसे जमा झाल्याची तारीख 20 ऑगस्ट 2010, कपात सुरू झाल्याची तारीख, आणि "15 वर्षे 19 ऑगस्ट 2025 रोजी पूर्ण झाली असल्याने 20 ऑगस्ट 2025 पासून अंशराशीकृत भाग पुनःस्थापित करून थकबाकी द्यावी" हे एक वाक्य. सरकारी मराठीत विक्रीला अंशराशीकरण आणि परत सुरू होण्याला पुनःस्थापन म्हणतात. अर्जात हे शब्द असले की वाचणाऱ्याला फाईल कुठल्या टेबलावर जायची ते लगेच कळतं. सोबत पीपीओच्या त्या पानाची आणि पासबुकातल्या तीन नोंदींची छायाप्रत जोडा. शाखेत दोन प्रती न्या, एक देऊन दुसरीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय परतू नका. "साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा" असं कुणी म्हणालं तर तिथेच बसा, साहेब जेवून येतात. अर्ज सीपीपीसीकडे पाठवलाय ना, हे आठवड्याने विचारा आणि पाठवल्याचा क्रमांक मागा.

त्याच अर्जात आणखी एक ओळ घाला, जी बहुतेक पेन्शनरांना ठाऊक नसते. पेन्शन किंवा तिची थकबाकी देय तारखेनंतर उशिरा जमा झाली, तर बँकेने उशिराच्या काळासाठी वार्षिक 8 टक्के दराने भरपाई द्यायची, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे, आणि ती पेन्शनरने मागितली नसली तरी द्यायची. तुमच्या बाबतीत रक्कम मोठी नाही. 4,800 ला एक महिना उशीर झाला तर 32 रुपये. पण या एका ओळीने अर्ज वाचणाऱ्याला कळतं की समोरच्याला नियम ठाऊक आहे, आणि 32 रुपयांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

अर्ज देऊन महिना उलटला आणि पुढच्या पेन्शनमध्ये फरक दिसला नाही, तर शाखेशी वाद घालू नका. केंद्राच्या पेन्शनरांसाठी CPENGRAMS हे तक्रारीचं पोर्टल आहे. तिथे पीपीओ क्रमांक टाकून तक्रार नोंदवा आणि शिक्का मारलेल्या अर्जाची प्रत जोडा. तक्रार थेट संबंधित कार्यालयाकडे जाते आणि तिचा नोंदणी क्रमांक मिळतो. तक्रारीत मागच्या पंधरा वर्षांची कहाणी लिहू नका. कपातीची तारीख, पंधरा वर्षं पूर्ण झाल्याची तारीख, अर्जाची तारीख आणि न मिळालेली रक्कम, इतकं पुरे.

आता बारा वर्षांची गोष्ट. ही हवेत का उठते ते समजून घेण्यासारखं आहे, कारण ती अगदीच निराधार नाही. साधा भागाकार केला तर तुम्हाला मिळालेले 4,71,975 रुपये दरमहा 4,800 ने 99 महिन्यांत फिटतात, म्हणजे सव्वाआठ वर्षांत. पंधरा वर्षांत सरकार कापून घेतं 8,64,000. हे आकडे शेजारी मांडले की कुणाचंही डोकं फिरेल. पण सरकारने ती रक्कम तुम्हाला आधीच एकरकमी दिली, म्हणजे तिच्यावर व्याज धरायला हवं, आणि 8.194 हा गुणक 8 टक्के व्याज धरूनच काढलेला आहे. मी हिशेब मांडून पाहिला. 8 टक्के व्याजाने तुमचं कर्ज साधारण 13 वर्षं 4 महिन्यांत फिटतं. उरलेली दीडेक वर्षं कशाची? जे पेन्शनर पंधरा वर्षांच्या आत जातात त्यांच्याकडून पुढची वसुली होत नाही, वारसांकडूनही नाही. ती तूट बाकीच्यांनी भरून काढायची, असा त्यामागचा विचार आहे. माझं मत विचाराल तर 2008 नंतरच्या कोष्टकावर पंधरा वर्षं थोडी जास्तच होतात. पण माझ्या मताने बँक पैसे देत नाही.

पाचव्या वेतन आयोगाने बारा वर्षांची शिफारस केली होती, केंद्राने ती मानली नाही. केरळ आपल्या पेन्शनरांना बारा वर्षांनी परत देतं. कर्मचारी संघटना केंद्राकडे आजही हीच मागणी करतात. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात अशा अनेक याचिका होत्या, काहींत सुरुवातीला वसुलीला स्थगितीही मिळाली होती, आणि त्याच बातम्या व्हॉट्सॲपवर आजही फिरतात. नोव्हेंबर 2024 मध्ये त्या न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या, ही बातमी मात्र तितकी फिरली नाही. त्यामुळे मित्राच्या सांगण्यावरून तीन वर्षांचे पैसे मागणारा अर्ज करू नका. तसा अर्ज केलात तर तुमचा खरा, देय असलेला दावा त्या वादाच्या गठ्ठ्यात जाऊन पडेल.

मुळात हे पंधरा वर्षांचं कलमही सरकारने आपण होऊन दिलेलं नाही. 1986 पर्यंत विकलेली पेन्शन गेली ती गेलीच, मरेपर्यंत कमी पेन्शन. "कॉमन कॉज" या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. सरकार तेव्हा पंधरा वर्षं किंवा वयाची सत्तरी, यांपैकी जे उशिरा येईल तेव्हा परत द्यायला तयार झालं होतं. डिसेंबर 1986 च्या निकालात न्यायालयाने सत्तरीची अट काढली, पंधरा वर्षं कायम ठेवली आणि लाभ 1 एप्रिल 1985 पासून लागू केला. पुढे 1987 मध्ये त्याचा शासकीय आदेश निघाला. तुमच्यासारख्या साठीला निवृत्त झालेल्याला सत्तरीच्या अटीने फरक पडला नसता, पण लवकर स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला आणि सैन्यातल्या जवानाला वाट बघत बसावं लागलं असतं.

तुमच्या सौभाग्यवतींबद्दल विचारलंत, त्यात काळजीचं काही नाही. फॅमिली पेन्शन तुमच्या पेन्शनवर मोजत नाहीत, ती शेवटच्या पगारावर मोजतात. सुधारित पगार 62,200 धरून त्याचे 30 टक्के म्हणजे 18,660, वर त्या वेळचा डीए. तुम्ही पेन्शन विकली होती की नव्हती, परत सुरू झाली की नाही, याने हा आकडा बदलत नाही. आणि एक गोष्ट त्यांना आज सांगून ठेवा: तुम्ही पंधरा वर्षांच्या आत गेला असतात, तरी विकलेल्या भागाची उरलेली वसुली त्यांच्या पेन्शनमधून झाली नसती. मात्र तुमच्या नावाची जी थकबाकी आज बँकेकडे अडकली आहे, ती तुमच्या हयातीत सोडवून घेणं सोपं. नंतर तिच्यासाठी वारसाचे कागद, नामनिर्देशन, प्रतिज्ञापत्र असे सोपस्कार त्यांना करावे लागतील.

2016 च्या पहिल्या काही महिन्यांत निवृत्त झालेल्या वाचकांनी एक वेगळी गोष्ट तपासायला हवी. त्यांना आधी जुन्या पगारावर पेन्शन विकून पैसे मिळाले आणि सातवा आयोग लागू झाल्यावर वाढलेल्या पेन्शनवर विक्रीचा फरकही मिळाला. ज्यांनी हा फरक घेतला त्यांच्या पेन्शनमध्ये दोन कपाती आहेत, दोन वेगवेगळ्या तारखांच्या. पंधरा वर्षं प्रत्येकीची स्वतंत्र मोजली जातात. समजा पहिली रक्कम एप्रिल 2016 मध्ये आणि फरक डिसेंबर 2016 मध्ये जमा झाला, तर एप्रिल 2031 ला पहिली कपात थांबेल, दुसरी डिसेंबरपर्यंत चालू राहील. तेव्हा "अर्धीच पेन्शन परत आली" म्हणून धावपळ नको. आणि दोन्ही रकमा पीपीओत वेगवेगळ्या तारखांसह नोंदलेल्या आहेत का, हे 2031 पर्यंत न थांबता आत्ताच बघून घ्या.

राज्य सरकारच्या पेन्शनरांचीही पत्रं येतात म्हणून थोडक्यात सांगतो. तिथेही पंधरा वर्षंच आहेत, पण पेन्शनचा हिशेब बँक करत नाही, कोषागार करतं. बँक फक्त खात्यात पैसे टाकते. त्यामुळे अर्ज शाखेत देऊन उपयोग नाही, तो कोषागार अधिकाऱ्यांच्या नावे द्या. ईपीएफच्या 1995 च्या योजनेतली पेन्शन घेणाऱ्यांना हा नियम सरसकट लागू नाही. 25 सप्टेंबर 2008 किंवा त्याआधी ज्यांनी त्या योजनेत पेन्शन विकली, त्यांनाच 2020 च्या अधिसूचनेने पंधरा वर्षांनंतर पूर्ण पेन्शनची सोय मिळाली आहे.

शेवटी प्राप्तिकर. 2010 मध्ये मिळालेले 4,71,975 रुपये सरकारी कर्मचाऱ्याला पूर्ण करमुक्त होते, ते आता कुठेही दाखवायचे नाहीत. पण दरमहा परत सुरू होणारे 4,800 ही पेन्शनच आहे आणि ती करपात्र उत्पन्नात धरली जाते. वर्षाला 57,600 ने उत्पन्न वाढेल. तुमची वर्षाची पेन्शन सहा लाखांच्या आसपास राहते, त्यामुळे नव्या करप्रणालीत 2025-26 साठी दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर कर लागणार नाही. जुन्या प्रणालीत असाल तर बँकेला यंदाचा अंदाज नव्याने कळवा, नाहीतर वर्षभराचा टीडीएस फेब्रुवारी-मार्चच्या पेन्शनमधून एकदम कापला जाईल आणि त्या महिन्यात 49,138 ऐवजी भलताच आकडा दिसेल.